'संगम' नावाचं कोडं आणि तीन लांब उत्तरं

प्रश्न: साताऱ्यातल्या आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात 'संगम' या शीर्षकाचं शब्दकोडं आहे. आठ-आठ घरांची तीन आडवी उत्तरं मी भरली: वर 'राजधानी रायगड', मधे 'धनलोभी मालकीण', खाली 'अनिवासी भारतीय'. सूत्र काय ते कुठल्याच शोधसूत्रात सांगितलेलं नाही. कृष्णा, वेण्णा, वारणा, माहुली असं सगळं शोधून झालं, जाळीत काहीच नाही. शिवाय खालच्या कोपऱ्यात दोन उभे शब्द अडलेत: 'सोनाराकडून येतो' (३), शेवटचं घर 'भा', आणि 'गाडी हाकणारा' (३), शेवटचं घर 'य'. शीर्षकाचा उपयोग नेमका कसा करायचा?

उत्तर:

तुम्ही शीर्षक वाचलंत ते विषय म्हणून. सातारकर माणूस 'संगम' म्हटल्यावर माहुलीला जाणार, आम्ही सांगलीकर हरिपूरला जाणार, आणि दोघंही जाळीत नद्यांची नावं उत्तर म्हणून शोधत बसणार. पण सूत्र न सांगणाऱ्या कोड्यात शीर्षक बहुतेक वेळा विषय सांगत नाही. कुठे बघायचं किंवा काय करायचं, ते सांगतं.

ही पद्धत पक्की झाली ती अमेरिकन कोड्यांत. न्यूयॉर्क टाइम्सचं कोडं १९४२ साली रविवारच्या अंकात सुरू झालं. त्याच्या रविवारच्या कोड्याला आजही शीर्षक असतं, बाकीच्या दिवशी नसतं. त्या बाकीच्या दिवसांत सूत्र असलं तर ते उलगडणारं एखादं उत्तर बहुधा जाळीतच, शेवटाकडे कुठेतरी ठेवलेलं असतं. शीर्षक असलं की ते काम शीर्षकावर टाकता येतं आणि जाळीत खुलासा करावाच लागत नाही. तुमच्या कोडेकाराने नेमकं हेच केलंय.

म्हणजे आधी ठरवायचं की हे शीर्षक आहे की नुसती पाटी. मी एकच गोष्ट विचारतो: हेच नाव पुढच्या अंकातल्या कोड्याला चाललं असतं का? 'दिवाळी विशेष शब्दकोडे' कुठल्याही कोड्यावर लावता येतं, त्यात काही शोधू नका. 'संगम' तसं नाही. शिवाय हा शब्द जाळीत कुठेच उत्तर म्हणून आलेला नाही, हेही बघा. काळजी घेणारा कोडेकार शीर्षकातला शब्द उत्तरात पुन्हा वापरत नाही.

आता लांब उत्तरांकडे. त्यांचा अर्थ बाजूला ठेवा आणि ती कितपत नैसर्गिक आहेत ते बघा. 'राजधानी रायगड' बोलण्यात बसतं, पण नुसतं 'रायगड' पुरलं असतं. पुढे 'राजधानी' लावायची गरज काय होती? 'धनलोभी मालकीण' तर कुणाच्या तोंडी येणार नाही. 'धनलोभी माणूस' म्हटलं असतं तर कुणाचं काही बिघडत नव्हतं. मग हा कोडेकार मालकिणीच्या मागे का लागला? मोजून बघा: 'धनलोभी माणूस' सात घरं, 'धनलोभी मालकीण' आठ. त्याला आठच घरं हवी होती, आणि 'धनलोभी' नंतर 'मा'ने सुरू होणारा शब्दच हवा होता. असं अवघडलेलं उत्तर दिसलं की समजायचं, इथे अर्थ दुय्यम आहे, कोडेकाराला अक्षरं हवी होती. सगळ्या कोड्यात मला सगळ्यात बोलकी खूण हीच वाटते. सहज सुचणारं उत्तर कोडेकाराबद्दल काही सांगत नाही, ओढूनताणून आणलेलं सांगतं.

मग कुठली अक्षरं? इथे शीर्षक कामाला येतं. संगम म्हणजे दोन प्रवाह मिळतात ती जागा. तुमच्या तिन्ही उत्तरांत दोन-दोन शब्द आहेत, तेव्हा ते जिथे मिळतात तिथे बघायचं. अडचण अशी की उत्तर सुचलं की आपण मनातल्या मनात मधली मोकळी जागा धरूनच वाचतो. जाळीत ती जागा नसते. म्हणून कागदावर घरं असतात तशीच अक्षरं लिहा:

रा ज धा नी रा य ग ड
ध न लो भी मा ल की ण

चौथं आणि पाचवं घर एकत्र वाचा. नीरा. भीमा.

म्हणजे नद्या होत्याच, फक्त तुम्ही शोधत होतात त्या नव्हेत, आणि त्या आख्खं उत्तर म्हणूनही नव्हत्या. आता तिसरं:

अ नि वा सी भा र ती य

'सीभा' नावाची नदी नाही. इथे दोन शक्यता राहतात: तुमचं सूत्र चुकलंय किंवा तुमचं उत्तर. दोन उत्तरांत नदी बरोबर त्याच दोन घरांत सापडली आणि तिसऱ्यात नाही, अशा वेळी मी आधी उत्तरावर संशय घेतो. त्यातून तुमचे अडलेले दोन्ही उभे शब्द याच उत्तराच्या उजव्या अर्ध्यातून जातात. 'सी'ने सुरू होणारी दोन अक्षरी नदी म्हणजे सीना. म्हणजे पाचव्या घरात 'ना' हवा, आणि 'अनिवासी'पुढे 'ना'ने सुरू होणारा चार घरांचा शब्द: नागरिक. 'अनिवासी नागरिक'. सोनाराकडून येणारा 'दागिना' आता बसला, आणि शेवटच्या घरातला 'य' जाऊन 'क' आल्यावर गाडी हाकणारा 'चालक'ही बसला.

'अनिवासी भारतीय' हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे, घरंही बरोबर आठ आहेत, त्यामुळे तो पेनानेच लिहिला जातो आणि मग त्याच्यावर कुणी शंका घेत नाही. कोडेकाराने हा सापळा मुद्दाम लावला असेल का? मला तरी वाटतं, लावला असावा. सूत्र कळल्याचा खरा फायदा असा असतो, सगळं भरून झाल्यावर मान डोलावण्यापुरता तो नसतो. म्हणून दोन लांब उत्तरं हाती आली की लगेच शीर्षकाकडे वळावं आणि तिसऱ्यासाठी थांबू नये. तिसरं उत्तर सूत्राकडून मागून घेता येतं.

आपल्याला सापडलं ते खरंच सूत्र आहे की योगायोग, याची खात्री मराठीत जरा कडक करावी लागते. आपल्याकडे एका घरात काना-मात्रेसकट आख्खं अक्षर बसतं आणि नद्यांची नावं दोन-तीन अक्षरांची असतात. त्यामुळे ती उगाचच कुठेही दिसू लागतात. समजा त्याच जाळीत 'बारावीची परीक्षा' असं उत्तर असतं. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या घरात 'रावी' आहे. ती धरायची का? नाही. ती एकाच शब्दाच्या पोटात आहे, दोन शब्दांच्या सांध्यावर नाही, आणि शीर्षक सांध्याबद्दल बोलतंय. एकदा जागा ठरली की ती सगळीकडे तीच असायला हवी. तुमच्या कोड्यात तर तिन्ही वेळा चौथं-पाचवं घर, आठ घरांच्या बरोबर मध्यावर. इतकं नेमकं योगायोगाने जुळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही असंच. 'मातापिता' या शब्दाच्या सांध्यावर 'तापि' येतं, पण नदी 'तापी' आहे. काही कोडेकार एवढं चालवून घेतात. माझ्या मते चालवू नये, कारण एकदा वेलांटीला सूट दिली की काहीही कशातही सापडतं. तुमच्या कोडेकाराने नी, भी, सी तिन्ही ठिकाणी दीर्घच सांभाळलेत.

तो माणूस पक्का असल्याची आणखी एक खूण आहे. नीरा, भीमा, सीना या तीनच नद्या का? सांध्यावर बसतील अशा इतरही मिळाल्या असत्या. नीरा तुमच्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जाते आणि इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूरला भीमेला मिळते. सीना अहिल्यानगरकडून येऊन सोलापूर जिल्हा ओलांडत शेवटी भीमेलाच मिळते. आणि जाळीत भीमा कुठे आहे? मधल्या उत्तरात, एक वर आणि एक खाली. म्हणजे शब्दांचा संगम झाला आणि नद्यांचाही. हा दुसरा थर नसता तरी कोडं पुरं झालं असतं, पण तो आहे म्हणून 'नदीजोड' किंवा 'पाणी मुरतंय' अशी नावं न देता 'संगम' हेच का दिलं ते कळतं. कृष्णा-वेण्णा न सापडल्याने तुम्ही नाराज झालात, पण वेण्णेसाठी त्याला 'ण्णा'ने सुरू होणारा शब्द आणावा लागला असता. असा शब्द मला तरी सुचत नाही.

शीर्षक नेहमी सांध्याबद्दलच बोलेल असं नाही, ते प्रत्येक वेळी नव्याने वाचावं लागतं. 'शेंडा-बुडखा' असेल तर मी प्रत्येक लांब उत्तराचं पहिलं आणि शेवटचं घर बघेन. 'उलटी गंगा' असेल तर उजवीकडून डावीकडे वाचेन. 'काना-मात्रा' असेल तर उत्तरांतले काने-मात्रे काढून किंवा बदलून काही ओळखीचं निघतंय का ते पाहीन. या शेवटच्या प्रकारात शोधसूत्रंच विचित्र असतात, कारण ती बदललेल्या शब्दांना दिलेली असतात. तुमच्या कोड्यात शोधसूत्रं सरळ होती आणि उत्तरं तेवढी अवघडलेली. तेव्हा उत्तरांत काही बदललेलं नाही, काहीतरी लपवलेलं आहे, एवढं शीर्षकाआधीच कळत होतं.

तुम्ही बाकीच्या दोन घरांबद्दल काही लिहिलेलं नाही: सहाव्यात 'र'च्या जागी 'ग' आणि सातव्यात 'ती'च्या जागी 'रि'. त्या घरांतून जाणारे उभे शब्द तुम्ही 'भारतीय' धरून भरले असतील तर तेही खोडावे लागतील. ती दोन शोधसूत्रं इथे टाका, अडलं तर बघू.