अकाउंट्समधून परचेसला: एका कव्हर लेटरची गोष्ट

"मॅडम, सात वर्षं अकाउंट्सला व्हेंडरची बिलं पास करतेय, आता आमच्याच कंपनीत परचेसला जागा निघालीये. सगळे ओळखतातच मला, मग लेटरमध्ये लिहू काय? आणि साहेबांना वाटायचं कंटाळून पळतेय."

ही चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीतली ताई. पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं होतं, मेहनती आहे, नवीन शिकायची आवड आहे, कंपनीने खूप दिलं. पण परचेस हेडला यातून काय कळणार? ओळखतात म्हणजे चेहरा ओळखतात हो, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता ते दुसऱ्या डिपार्टमेंटला माहीतच नसतं.

मग मी विचारलं, बिल अडकतं कुठे? तर ती भडाभडा बोलायला लागली. पीओ म्हणजे परचेसने काढलेली ऑर्डर, स्टोअरची जीआरएन म्हणजे माल आल्याची नोंद, आणि व्हेंडरचं बिल, तिन्ही जुळले तरच पेमेंट. स्टीलचा रेट बदलला, माल आला, बिल नव्या रेटने आलं पण पीओ जुन्याच रेटचा, की बिल ब्लॉक. त्यात व्हेंडर मायक्रो किंवा स्मॉल असला तर पेमेंटला जास्तीत जास्त ४५ दिवस, उशीर झाला की व्याज. तिने स्वतःच एक एक्सेल शीट ठेवली होती, कुठल्या व्हेंडरचा रेट कधी बदलतो याची, आणि परचेसच्या बायरला आधीच फोन करायची. अगं, हेच तर लेटर!

फक्त एक अडचण, पीओ वेळेवर न बदलणं ही परचेसचीच चूक आणि लेटर वाचणार परचेस हेड. तिने लिहिलं होतं, "परचेसकडून पीओ अमेंड होत नाहीत म्हणून बिलं अडकतात." ते वाक्य असं केलं: "रेट बदलला की बिल कुठे अडकतं हे मी रोज पाहते, म्हणून बायरला आधीच कळवायला शीट ठेवली, पीओ काढतानाच हे सांभाळायला मला आवडेल." माहिती तीच, पण बोट कुणाकडे नाही. व्हेंडरचे रेट आणि नावं मात्र लेटरमध्ये नकोतच, कारण ते एचआरकडूनही फिरतं.

निगोशिएशन कधी केलं नव्हतं, तेही एका ओळीत सरळ लिहायला लावलं, नाहीतर इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न तोच. शेवटी हँडओव्हर: क्वार्टर क्लोजिंग झाल्यावर मोकळी होईन, तोवर ज्युनिअरला शीट शिकवते. कारण माणसाला सोडायचं की नाही हे बऱ्याच ठिकाणी सध्याच्या साहेबांच्या हातात असतं, म्हणून पोर्टलवर अर्ज टाकायच्या आदल्या दिवशी तिने साहेबांना स्वतः जाऊन सांगितलं, लेटरही दाखवलं. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, मार्च क्लोजिंग तेवढं करून जा.

इंटरव्ह्यूत परचेस हेडनी पहिल्यांदा ती शीटच मागितली.