रिपोर्टमधला शब्द शेपटाकडून वाचा

समजा, तुमच्या आईंच्या डिस्चार्ज कार्डवर ‘कोलेसिस्टेक्टमी’ हा शब्द आहे. तो शेवटाकडून सोडवा. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे. उरलं ‘कोलेसिस्ट’: ‘कोले’ म्हणजे पित्त, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी. म्हणजे पित्ताशय काढलं. त्याच कार्डवर वर निदान ‘कोलेसिस्टायटिस’ असेल, तर तेच पित्ताशय आणि शेवटी ‘आयटिस’, म्हणजे दाह, सूज. एक आजार, दुसरा त्यावरचा इलाज. आयटिस दिसला की जंतुसंसर्गच झाला असं मात्र धरू नका. दाह इतर कारणांनीही होतो.

‘एक्टमी’ आणि ‘ऑस्टमी’ यांत गल्लत फार होते. कोलेक्टमीत मोठं आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढतात. कोलोस्टमीत त्याच आतड्याचं तोंड पोटावर उघडतात. घरी घ्यायची काळजी त्यावरून पूर्ण बदलते, म्हणून तिथे अक्षरं बोटाने मोजून वाचा.

तीच काळजी ‘हायपर’ आणि ‘हायपो’ला. हायपर म्हणजे जास्त, हायपो म्हणजे कमी. ‘हायपोकॅलेमिया’त मधला ‘कॅल’ कॅल्शियमचा वाटतो, पण तो ‘कॅलियम’, म्हणजे पोटॅशियम. ‘एमिया’ म्हणजे रक्तात. कॅल्शियम कमी असेल तर शब्द ‘हायपोकॅल्सेमिया’ असतो. ‘हायपोकॅलेमिया’ लिहिलं असेल तर रक्ततपासणीच्या कागदावर पोटॅशियमचा आकडा पाहा. साधारण 3.5 ते 5 ही नेहमीची मर्यादा, पण तुमच्या लॅबने शेजारी छापलेलीच धरा. शब्द ‘कमी’ म्हणतो आणि आकडा जास्त दिसतो, तर टायपिंगची चूक असू शकते. औषध देण्याआधी डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा.