किट उतरवतानाचा प्रसंग लिही

तुझ्या कथेतली नर्स पहिल्याच परिच्छेदात ‘भीतीने थरथरते’. ते वाक्य काढ. पीपीई किट घालताना माणूस ताजा असतो, सोबत कोणीतरी असतं. खरा धोका ड्युटी संपल्यावर, किट उतरवताना असतो, कारण बाहेरची बाजू दूषित आणि डोकं थकलेलं. तुझी कथा तिथेच सुरू कर.

आधी हातमोजे, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, मग गॉगल मागच्या पट्ट्याला धरून. मास्क सगळ्यात शेवटी, खोलीबाहेर आल्यावर. मध्येमध्ये हात स्वच्छ करणं. (रुग्णालयागणिक क्रम थोडा बदलतो, पण मास्क शेवटीच.) आता तिच्या नाकाला खाज सुटू दे. हात अर्ध्यावर जाऊन थांबतो. गॉगल काढल्यावर तिला आठवत नाही, मोज्यांनंतर हात चोळले होते का? ती पुन्हा चोळते, तरी खात्री पटत नाही. घरी पोचल्यावरही तोच क्रम मनात उलटसुलट चालू राहतो. इथे ‘भीती’ आणि ‘थकवा’ हे शब्द एकदाही लागत नाहीत.

आणि तिला रडवायची घाई करू नकोस. गॉगल आणि मास्क चेहऱ्यावर असताना डोळे पुसताही येत नाहीत.