डॅम, ओ माय गॉड, व्हॉट द हेक: सबटायटलमध्ये काय लिहावं?

प्रश्न: इंग्रजी मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. दर वेळी ‘अरे देवा’ लिहून कंटाळा आला. ‘च्यायला’ लिहिलं की क्लायंट म्हणतो, जड होतंय. काय करू?

उत्तर: क्लायंटचं बरोबर आहे. इंग्रजीत या शब्दांचं वजन देवाधर्मावर आहे. डॅम म्हणजे मुळात देवाने नरकात धाडणं. म्हणून श्रद्धाळू घरांत डॅमचं डार्न, हेलचं हेक, गॉडचं गॉश झालं. आपल्याकडे देवाचं नाव कितीही घ्या, आजीसुद्धा काही म्हणणार नाही. आपलं वजन आईवर आहे. ‘च्यायला’ ही ‘त्याच्या आईला’ची झीज. ती रोज कानावर पडते, पण छापलेली दिसली की डोळ्यात खुपते. त्यामुळे बोलताना जो शब्द चालेल, त्याहून एक पायरी खालचा लिहायचा.

समजा, दार ओढून घेतलं आणि पात्र म्हणतं, ‘डॅम, द कीज!’ मित्रांतला तिशीचा माणूस, प्रौढांची मालिका: ‘आयला, किल्ली आतच!’ तोच माणूस सासऱ्यांसमोर: ‘छे, किल्ली आतच राहिली.’ घरातल्या सगळ्यांनी बघायची मालिका असेल तर ‘हात्तिच्या’. मुलांसाठी ‘अरेच्चा’. साठीच्या बाई असतील तर ‘अगं बाई, किल्ली!’ ‘च्यायला’ राखून ठेवा. भागात एकदा, खरंच डोकं फिरतं तिथे आला तर त्याला धार राहते.

डॅम दर वेळी उद्गार नसतो, इथे बहुतेक जण घसरतात. ‘द डॅम डोअर’ म्हणजे ‘हे मेलं दार’. पण ‘मेलं’ बायकांच्या तोंडी शोभतं. पुरुष ‘हे सालं दार’ म्हणेल. ‘डॅम गुड’ला राग नसतोच, तिथे ‘कसलं भारी!’ पुरे. आणि ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ला शिवी शोधत बसू नका. ‘मला काडीचा फरक पडत नाही’ यात सगळा तोरा येतो.

हेकचीही तीच गत. ‘व्हॉट द हेक इज धिस?’ म्हणजे ‘हा काय प्रकार आहे?’ पण खिसा चाचपत ‘व्हॉट द हेक, लेट्स गो’ म्हटलं तर ते ‘जाऊ दे, चल!’ होतं. आधी आवाज ऐका, मग लिहा. नुसत्या स्क्रिप्टवरून हा फरक कळत नाही.

ओ माय गॉडचं सांगायचं तर, आनंदाला ‘अय्या’ (मुली, आणि तेही जरा जुन्या वळणाच्या), धक्क्याला ‘बाप रे’, वाईट बातमीला ‘अरे देवा’. आणि दहा सेकंदांत तीनदा आलं तर दोनदा सरळ गाळा. प्रेक्षकाला ते ऐकू येतंच आहे. ती जागा पुढच्या वाक्याला द्या. डबिंगमध्ये मात्र ही सवलत नाही, तिथे ओठ हललेले दिसतात.