'दुहेरी' म्हणजे किती पदर?

"बारावीच्या पुस्तकात ऑक्सिजनचा बंध 'दुहेरी' दिलाय. म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनेच ना? मग द्रव ऑक्सिजन चुंबकाला चिकटतो कसा? 'दुहेरी' हा शब्दच चुकलाय का?" (फोंड्याहून एक पालक)

शब्द चुकलेला नाही, पण तो फसवतो खरा. आपण दोरा दुहेरी करतो तेव्हा दोन पदर बोटांनी मोजता येतात. म्हणून दुहेरी बंध म्हटलं की अणूंमध्ये दोन काड्या दिसतात. प्रत्येक काडी एक जोडी, एकटं कोणीच नाही. ऑक्सिजनमधला 'दुहेरी' मात्र वजाबाकी करून आलेला आहे.

दोन अणूंचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मिळून बारा. रेणू झाला की ते दोन्ही अणूंवर पसरलेल्या ऑर्बिटलांत, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या ठरावीक ऊर्जेच्या जागांत, खालून वर भरतात. काही ऑर्बिटलं अणूंना आवळतात, काही सैल करतात; या दुसऱ्यांना अँटिबाँडिंग म्हणतात. इथे आवळणाऱ्यांत आठ इलेक्ट्रॉन, सैल करणाऱ्यांत चार. आठातून चार गेले, उरलेल्या चारांचे निम्मे दोन. हीच बाँड ऑर्डर. (तिला 'बंधक्रम' म्हटलं की रांगेतला नंबर वाटतो, म्हणून मी ते टाळतो.)

सगळी गंमत शेवटच्या दोन इलेक्ट्रॉनांत आहे. त्यांच्यासाठी सारख्याच ऊर्जेची दोन अँटिबाँडिंग ऑर्बिटलं मोकळी असतात. एकात दाटीवाटी करण्यापेक्षा ते एकेक ऑर्बिटल धरतात आणि दोघांची फिरकी एकाच दिशेला राहते. त्यामुळे जोडीतल्या इलेक्ट्रॉनांसारखी त्यांची चुंबकीयता एकमेकांना खोडत नाही. ते खरंच सैल करतात याचा पुरावाही आहे: त्यांतला एक काढून टाकला की बाँड ऑर्डर अडीच होते आणि बंधाची लांबी 1.21 अँगस्ट्रॉमवरून 1.12 वर येते. इलेक्ट्रॉन कमी, पकड जास्त!

पणजीत एका प्रात्यक्षिकात हे जवळून पाहिलं. अल्युमिनियमच्या शंकूत द्रव नायट्रोजन ओतला, उणे 196 अंशांचा. आपल्या दमट हवेत बाहेरून लगेच हिमाचा थर चढला. ऑक्सिजन उणे 183 लाच द्रव होतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन शंकूच्या टोकाशी जमून थेंब गळू लागले. पुरेसे साठल्यावर रंग दिसला, फिकट निळा. आधी द्रव नायट्रोजन चुंबकाच्या दोन ध्रुवांमधून ओतला, तो सरळ खाली गेला. त्याची बाँड ऑर्डर तीन, एकटा इलेक्ट्रॉन एकही नाही. मग ऑक्सिजन ओतला. तो ध्रुवांमध्येच अडकून राहिला, दोन बोटांत पाणी अडकावं तसा, आणि तिथेच उकळत संपला. शास्त्रज्ञ जेम्स ड्यूअरने 1891 मध्ये हेच दाखवलं होतं.

तुमच्या 'चिकटतो' ऐवजी मी 'ओढला जातो' लिहीन. लोखंडाच्या मानाने ही ओढ फारच हलकी, आणि चुंबक बाजूला केला की तिचा मागमूसही उरत नाही.