बोट शिडावर चालत असताना माणूस पाण्यात पडला तर क्विक स्टॉप करावा की फिगर ऑफ एट? सरावात दोन्ही केले, पण बोट दरवेळी माणसाजवळ थांबण्याऐवजी पुढे निघून जाते. काय चुकतंय?

दोन्ही पद्धतींचा शेवट एकच आहे, आणि तुमची अडचण त्या शेवटात आहे. तिथून सुरुवात करतो, मग दोन्ही पद्धती आपोआप समजतील.

शिडाच्या बोटीला ब्रेक नसतो. वेग कमी करायचा मुख्य उपाय म्हणजे शीट, म्हणजे शिडाला आवरणारा दोर, सोडून शिडातला वारा काढून टाकणं. पण मेनशीट कितीही सोडली तरी बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, फार तर डोलाच्या बाजूच्या ताणतारांपर्यंत, म्हणजे श्राउडपर्यंतच बाहेर जातो. वारा बरोबर बाजूने किंवा मागून असेल तर तिथे टेकलेल्या शिडातही वारा भरत राहतो आणि बोट चालतच राहते. क्लोज रीचवर, म्हणजे वाऱ्याशी साधारण ६० अंशांचा कोन ठेवला, तर बूम श्राउडला टेकायच्या आधीच शीड पूर्ण फडफडायला लागतं आणि ताकद शून्यावर येते. पुन्हा थोडी ताकद हवी असेल तर शीट हातभर ओढली की झालं. थांबणं आणि चालणं दोन्ही हातात राहतं अशी ही एकमेव दिशा आहे. तुमची बोट पुढे जाते, याचा अर्थ तुम्ही माणसाकडे बीम रीचवर, म्हणजे वारा बरोबर बाजूने घेत, किंवा त्याहूनही वरून येत आहात.

मी शिकवताना घड्याळाची तबकडी वापरतो. पाण्यातला माणूस तबकडीच्या मध्यभागी आहे आणि वारा बाराकडून सहाकडे वाहतोय असं समजा. तुम्हाला बोट चारच्या किंवा आठच्या आकड्यावर आणायची आहे. तिथून नाक माणसाकडे केलं की वाऱ्याशी आपोआप ६० अंश होतात. तीनवर किंवा नऊवर असाल तर तो बीम रीच, बोट थांबणार नाही. पाच, सहा किंवा सातवर असाल तर माणूस जवळजवळ वाऱ्याच्या तोंडाशी आहे. तिकडे नाक केलं तर शिडात वाराच भरणार नाही आणि बोट पोचण्याआधीच मेलेल्यासारखी उभी राहील. दोन्ही पद्धतींचं काम एवढंच की तुम्हाला चारवर किंवा आठवर नेऊन सोडायचं.

आता एक प्रसंग घेऊ. १० मीटरची बोट, वेग ६ नॉट, वारा मध्यम. ६ नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे ३ मीटर. माणूस पडला, ओरडा झाला, एकाने हात लांब करून त्याच्याकडे बोट दाखवत नजर रोखली (हे काम एकाच माणसाचं, त्याला दुसरं काहीही सांगायचं नाही), दुसऱ्याने लाइफबॉय फेकला, जीपीएसवरचं, पडल्याची जागा नोंदवणारं एमओबी बटण दाबलं. एवढ्यात १० सेकंद गेले तर बोट ३० मीटर दूर गेलेली असते. काहीच न करता एक मिनिट गेला तर १८० मीटरच्या पलीकडे. पाण्यावर दिसतं ते फक्त डोकं, आणि मीटरभराच्या लाटांत तेही अधूनमधूनच.

फिगर ऑफ एटमध्ये पहिलं काम बीम रीचवर येण्याचं. समजा उजवीकडून वारा घेत बोट नऊच्या दिशेने निघाली आहे. तशीच साधारण पाच बोटलांबी, म्हणजे या बोटीला ५० मीटर, जाऊ द्यायची. मग टॅक: नाक वाऱ्यातून फिरवून बोट परत माणसाच्या दिशेला. टॅक होताच लगेच खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर, उतरायचं. इथेच बहुतेक जण चुकतात. माणूस समोर दिसतो, जीव तुटतो, आणि हात सुकाणू सरळ त्याच्याकडे वळवतो. तसं केलं की तुम्ही नऊवरून येता. त्याऐवजी माणसाच्या बऱ्याच खाली असलेल्या एखाद्या बिंदूकडे ब्रॉड रीचवर, म्हणजे वारा तिरका मागून घेत, जायचं. आपलीच जुनी वाट ओलांडून खाली जाता, म्हणून इंग्रजी आठचा आकडा तयार होतो. तबकडीच्या आठवर पोचलात की नाक वर घ्या, माणसाकडे. साऱ्या फेरीत जाइब, म्हणजे बोटीचं मागचं टोक वाऱ्यातून फिरवून बूम दुसऱ्या बाजूला नेणं, एकदाही नाही, आणि हेच या पद्धतीचं मोठं बळ आहे.

आणि हीच तिची किंमतसुद्धा आहे. जाण्यात आणि येण्यात बोट माणसापासून दूर जाते. एका सरावात मी टॅकची जागा ठरवण्यात रेंगाळलो आणि पाचऐवजी दहा बोटलांबी गेलो. लाटा मीटर-सव्वामीटरच्या होत्या. वळून पाहिलं तर माणूस म्हणून टाकलेला आमचा फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला लावायचा हवेचा फुगा, दिसेना. नजर ठेवणाऱ्या मुलीने हात तसाच रोखून धरला होता म्हणून दिशा तरी कळली, सापडायला मात्र काही मिनिटं गेली. तो फेंडर होता. त्या दिवसापासून फिगर ऑफ एट करताना मी बोटलांब्या मोठ्याने मोजायला लावतो.

क्विक स्टॉपचा विचार उलटा आहे: दूर जायचंच नाही. समजा बोट क्लोज हॉल्ड, म्हणजे जमेल तितकी वाऱ्याकडे नाक करून, चालली आहे, वारा उजवीकडून, नाक साडेदहाच्या दिशेला. माणूस पडताच नाक वाऱ्याकडे वळवायचं आणि टॅक करायचा, पण जिबची, म्हणजे पुढच्या शिडाची, शीट सोडायची नाही. टॅक झाल्यावर जिब उलट्या बाजूने भरतं, बोटीला मागे ढकलतं आणि वेग एकदम उतरतो. या मधल्या क्षणांत लाइफबॉय फेकायला वेळ मिळतो, कारण बोट अजून दोन-तीन बोटलांबीच्या आतच असते. सुकाणू मात्र त्याच बाजूला वळलेलं ठेवायचं. उलटं भरलेलं जिबही नाक खाली ढकलायला मदत करतं. बोट फिरत फिरत वारा मागे घेते आणि माणूस उजव्या हाताला ठेवून तबकडीवर तीनच्या बाजूने खाली उतरते. उतरताना जिब गुंडाळून घ्या, नाहीतर शेवटी त्याच्या मोकळ्या शीट वाचवणाऱ्यांच्या तोंडावर आपटतात. मेनसेल मधोमध घट्ट ओढून धरा. माणूस मागे पडला की जाइब, आणि नाक वर घेऊन त्याच्याकडे.

इथली नेहमीची चूक वेगळी आहे. माणूस इतका जवळ असतो की लोक त्याला चिकटून खाली उतरतात आणि जाइब लवकर करतात. वळणाला जागा लागते, त्यामुळे वळण पूर्ण होईपर्यंत बोट पाच किंवा सहावर आलेली असते आणि शिडांत वारा राहत नाही. म्हणून अगदी सरळ खाली न उतरता थोडं बाहेरून, तिरकं उतरा. दोन बोटलांबी अंतर बाजूला हवं. मग जाइबनंतर चार मिळतो.

नाक माणसाकडे केल्यावर लगेच एक तपासणी करा: मेनशीट पूर्ण सोडा. शीड फडफडलं तर जागा बरोबर आहे. भरलेलंच राहिलं तर तुम्ही फार वर आहात. तेव्हा ओढाताण न करता दोन बोटलांबी खाली उतरा आणि पुन्हा वर वळा. शीट ओढूनही काही भरत नसेल तर फार खाली आहात. मग फेकदोर पोचतो का पाहा, नाहीतर वेग घेऊन दुसरी फेरी मारा. ही तपासणी २०-३० मीटरवर करायची. पाच मीटरवर कळून उपयोग नाही. तुमच्या सरावात बोट पुढे का जाते, ते या एका कृतीने पहिल्याच फेरीत दिसेल.

शेवटचे १० मीटर शीट थोडी ओढा, सोडा, परत ओढा, असे जायचे. साधारण एका नॉटच्या खाली सुकाणूची पाण्यावरची पकड सुटते आणि वारा नाक खाली ढकलतो, म्हणून फार आधी थांबू नका. मध्यम वाऱ्यात मी माणूस बोटीच्या वाऱ्याआडच्या बाजूला घेतो. थांबलेली बोट त्याच्याकडेच सरकते आणि ती बाजू पाण्याजवळ झुकलेली असते. लाटा मोठ्या असतील तर बोट अंगावर आपटायची भीती असते. तेव्हा त्याला वाऱ्याच्या बाजूला ठेवून आधी दोर पोचवतो. दोन्ही वेळा जागा श्राउडजवळची. मागच्या टोकाकडे कधीच नाही, लाटेवर ते उचलून खाली आपटतं. इंजिन लावायचं तर आधी पाण्यात एकही दोर लोंबत नाही हे पाहा, आणि माणूस बाजूला आला की गिअर न्यूट्रलमध्ये.

आता निवडीबद्दल. बोटीवर तिघे-चौघे असतील आणि जाइब सांभाळता येत असेल, तर मी क्विक स्टॉपच निवडतो. माणूस नजरेआड होत नाही, याच्यापुढे बाकी सगळं दुय्यम. जोराचा वारा असेल, मागे एकच माणूस उरला असेल, किंवा जाइबमध्ये उलटू शकेल अशी हलकी डिंगी असेल, तर फिगर ऑफ एट. वारा मागून घेत असताना बूम पुढे बांधून ठेवणारा प्रिव्हेंटर लावलेला असेल, तर तो सोडल्याशिवाय दोन्हींपैकी काहीही नीट होणार नाही. त्या दोराचं टोक कॉकपिटपर्यंत आणून ठेवा, म्हणजे डेकवर पुढे धावावं लागणार नाही.

माणूस बाजूला आला की आधी त्याला दोराने बोटीला बांधा, मग मेनसेल पाडा. भिजलेला, गारठलेला माणूस दोघांना नुसत्या हातांनी कठड्यावरून वर ओढता येत नाही. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, त्याच्या हार्नेसला किंवा काखेतून घेतलेल्या पट्ट्याला अडकवून विंचवर घ्या. बराच वेळ थंड पाण्यात असेल तर दुसरी पट्टी गुडघ्यांखाली घालून त्याला आडवाच उचला, कारण उभा उचलताना रक्तदाब एकाएकी घसरू शकतो.

सरावासाठी नुसता फेंडर टाकू नका, तो वाऱ्याबरोबर माणसापेक्षा खूप वेगाने वाहतो आणि तुमचा अंदाज बिघडवतो. त्याला एक बादली बांधा. ती पाण्याने भरून खाली लोंबते आणि फेंडर बराचसा माणसासारखा जागेवर राहतो. पुढच्या वेळी दहा फेऱ्या फक्त आठवरून आणि चारवरून येण्याच्या करा, टॅक-जाइब नंतर जोडा.