मिक्सरची तुलना करताय? आधी चाळणी आणि वजनकाटा घ्या

नुसतं 'बारीक वाटलं' म्हणू नका. एकाच पोत्यातला कोरडा तांदूळ, दोनशे ग्रॅम, घड्याळ लावून साठ सेकंद फिरवा. मग एकाच चाळणीने चाळून वर उरलेली कणी वजन करा. प्रत्येक मिक्सरवर हे तीनदा करा, मध्ये मोटर पूर्ण गार होऊ द्या.

मी एकदा एक मिक्सर दुपारी तपासला, दुसरा संध्याकाळी. संध्याकाळी व्होल्टेज पडलं होतं, मोटर मंदावली आणि चांगला मिक्सर माझ्या व्हिडिओत हरला. म्हणून दोन्ही आलटून-पालटून एकाच बैठकीत चालवा, प्रत्येक वेळी व्होल्टेज लिहा.

एकाच मिक्सरची कणी एकदा १८, एकदा २६ ग्रॅम उरत असेल, तर दुसऱ्याच्या २३ ग्रॅमवरून विजेता ठरवू नका. तिन्ही आकडे दाखवा.